तीव्रतम उताराची नागमोडी वाट

उभे आहोत तिथून सर्वांत तीव्र उतार कोणत्या दिशेला आहे ते पाहायचे, त्या दिशेने काही अंतर जायचे, थांबायचे आणि पुन्हा उतार पाहायचा. एखाद्या फलाची किमान किंमत शोधण्याची ही रीत ऑगस्टिन लुई कॉशी या फ्रेंच गणितज्ञाने १८४७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात मांडली. त्याच्या डोळ्यांसमोर खगोलशास्त्रातली गणिते होती. आकाशस्थ गोलाची कक्षा ठरवायची म्हणजे सहा अज्ञात राशी एकदम काढायच्या, आणि त्यासाठी दर वेळी एकेका राशीचा काटा काढत बसणे त्याला नको होते.

या रीतीत दिशेबद्दल वाद नाही. दिशा ग्रेडियंट सांगतो. ग्रेडियंट सर्वांत तीव्र चढाकडे बोट दाखवतो, आपण त्याच्या नेमके उलट जायचे. प्रश्न उरतो तो अंतराचा. फार थोडे गेलो तर दिवसभर चालूनही पोचणार नाही, फार गेलो तर दरीचा तळ ओलांडून समोरच्या चढावर जाऊन बसू. बहुतेक फलांसाठी या प्रश्नाला नेमके उत्तर नसते, चाचपडत अंदाज घ्यावा लागतो. वर्गीय फलासाठी मात्र उत्तर अगदी नेमके आहे आणि ते एका ओळीत मावते. ते उत्तर हाती असूनही वाट नागमोडी का होते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

वर्गीय फल म्हणजे ज्यात अज्ञातांचे वर्ग आणि दोन-दोन अज्ञातांचे गुणाकार येतात, त्याहून वरचे घात येत नाहीत, असे फल. त्याची वक्रता सगळीकडे सारखी असते आणि ती A या मॅट्रिक्समध्ये साठवलेली असते. आपण x या ठिकाणी आहोत आणि तिथला ग्रेडियंट g आहे, असे धरू. उतारावर α इतके गेलो की x − αg इथे पोचतो. तिथली फलाची किंमत α च्या भाषेत लिहिली तर ती अशी येते:

f(x − αg) = f(x) − α (g·g) + ½ α² (g·Ag)

उजव्या बाजूला α चा साधा पॅराबोला आहे. α चे पद उताराने मिळणारा फायदा सांगते, α² चे पद वक्रतेमुळे तो फायदा कसा आटत जातो ते सांगते. पॅराबोलाचा तळ कुठे, हे दहावीच्या मुलालाही काढता येते:

α = (g·g) / (g·Ag)

हीच नेमकी पायरी. काटेकोर बोलायचे तर प्रत्यक्ष कापलेले अंतर α गुणिले g ची लांबी इतके असते, पण व्यवहारात α लाच पायरी म्हणतात. ती काढायला Ag हा एकच मोठा गुणाकार करावा लागतो. तोच गुणाकार पुढच्या ठिकाणचा ग्रेडियंटही देतो, कारण नवा ग्रेडियंट g − αAg इतका असतो. म्हणजे एका पायरीमागे एकच गुणाकार पुरतो. फक्त हजारो पायऱ्या अशाच रेटल्या तर पूर्णांकनाच्या चुका साचत जातात. म्हणून अधूनमधून ग्रेडियंट मुळापासून नव्याने काढणे शहाणपणाचे.

आता हे सूत्र चालवून पाहू. दोन अज्ञातांचे एक फल घेऊ:

f(x, y) = ½ (x² + 9y²)

याचा तळ (०, ०) इथे आहे, हे नुसत्या नजरेने दिसते. समोच्च रेषा काढल्या तर x च्या दिशेने लांब आणि y च्या दिशेने अरुंद अशी लंबवर्तुळे मिळतात. थोडक्यात, ही x च्या दिशेने पसरलेली एक दरी आहे. y च्या दिशेची वक्रता ९, x च्या दिशेची १. सर्वांत मोठ्या वक्रतेला सर्वांत लहान वक्रतेने भागून येणाऱ्या संख्येला कंडिशन नंबर म्हणतात आणि ती κ या अक्षराने लिहितात. इथे κ = ९.

सुरुवात (९, १) पासून करू. तिथे फलाची किंमत ४५ आहे आणि ग्रेडियंट (९, ९). सूत्रात अंशस्थानी ८१ + ८१ = १६२ येतात, छेदात ८१ + ९ × ८१ = ८१०. म्हणून α = ०.२. नवे ठिकाण (७.२, −०.८), तिथली किंमत २८.८. पुन्हा ग्रेडियंट काढला तर (७.२, −७.२) येतो, α पुन्हा ०.२, आणि आपण (५.७६, ०.६४) वर पोचतो. किंमत १८.४३२. पुढेही तेच. दर पायरीला x ला ०.८ ने गुणायचे, y ला −०.८ ने गुणायचे, आणि किंमत दर वेळी ०.६४ पट होते.

या उण्याच्या चिन्हाकडे नीट पाहण्यासारखे आहे. कोणत्याही पायरीत x दिशेची उरलेली चूक (१ − α) ने गुणली जाते आणि y दिशेची चूक (१ − ९α) ने. y पुरता शून्य करायचा तर α = १/९ हवा, x शून्य करायचा तर α = १ हवा. एकाच पायरीने दोन्ही साधत नाही, म्हणून सूत्र मधला सौदा करते आणि ०.२ सुचवते. हा आकडा y साठी जास्त होतो, म्हणून y तळ ओलांडून पलीकडे जातो. x साठी तो फारच कमी पडतो, म्हणून x जेमतेम सरकतो. नागमोडीपणाचा उगम या सौद्यात आहे.

भूमितीतूनही हेच दिसते. एखाद्या दिशेने चालत त्या रेषेवरच्या सर्वांत खालच्या बिंदूवर थांबलो, तर तिथे त्या दिशेने उतार उरलेला नसतो. उरला असता तर आपण आणखी पुढे गेलो असतो. त्यामुळे तिथला नवा ग्रेडियंट जुन्या दिशेला काटकोनात असतो. नेमकी पायरी घेतली की प्रत्येक वळण ९० अंशांचे होते आणि त्यातून सुटका नाही. समोच्च रेषा वर्तुळे असती तर पहिलीच दिशा केंद्राकडे गेली असती आणि वळायची वेळच आली नसती. लंबवर्तुळावर मात्र लंब टाकला तर तो सहसा केंद्रातून जात नाही. (९, १) वरून केंद्र x अक्षाशी सुमारे ६ अंशांच्या कोनात दिसते, ग्रेडियंट मात्र ४५ अंशांत तिरपा नेतो.

आता दरी आणखी लांब करू. ९ च्या जागी १०० घ्या आणि (१००, १) पासून निघा. ग्रेडियंट (१००, १००) येतो, म्हणजे तिरपेपणा तोच ४५ अंश. पण केंद्राची दिशा आता x अक्षापासून अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. पहिली पायरी आपल्याला (१००, १) वरून साधारण (९८.०२, −०.९८) वर नेते. म्हणजे आडव्या बाजूने जवळपास २ एकके गेलो आणि उभ्या बाजूनेही तेवढेच. असे होणारच, कारण ४५ अंशांत चालताना या काठावरून त्या काठावर जेवढे अंतर, तेवढीच पुढची प्रगती. दरीची रुंदी सुमारे २, म्हणून पुढे सरकणे सुमारे २. जायचे मात्र १०० एकके आहे, आणि दरी जसजशी निमुळती होते तसतशी पावलेही आखूड होत जातात. κ मोठा म्हणजे दरी तिच्या रुंदीच्या मानाने लांब, आणि रुंदीएवढेच पुढे जायची परवानगी असलेला माणूस लांबी कापायला निघाला आहे.

(κ, १) हा आरंभबिंदू मी मुद्दाम निवडला आहे, कारण तो सर्वांत वाईट आहे. तिथून निघाल्यास फलाची किंमत दर पायरीला ((κ−१)/(κ+१)) च्या वर्गाने गुणली जाते. कोणत्याही आरंभबिंदूसाठी, कितीही अज्ञात असोत, याहून वाईट होत नाही. ही हमी लिओनिद कांटोरोविच या रशियन गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या असमानतेतून मिळते. पुढे १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले कांटोरोविच ते हेच. किंमत दहा लाखांश करायची तर या हमीप्रमाणे κ = ९ असताना ३१ पायऱ्या, κ = १०० असताना ३४६ आणि κ = १०,००० असताना सुमारे साडेचौतीस हजार पायऱ्या लागतात. κ मोठा असेल तर पायऱ्या κ च्या साधारण साडेतीन पट, असा ढोबळ हिशेब मनात ठेवायला हरकत नाही.

चांगला आरंभबिंदू मिळाला तर चित्र फार वेगळे दिसते, आणि त्याने फसगतही होते. त्याच κ = ९ च्या फलावर (१, १) पासून निघा. पहिली पायरी सुमारे (०.८८८, −०.०११) वर नेते, दुसरी (०.०७८९, ०.०७८९) वर. म्हणजे पुन्हा त्याच कर्णावर, पण बारा पटींहून अधिक जवळ. इथे किंमत दर पायरीला ०.०७९ पटीच्या आसपास येते. दोन अज्ञातांत हे गुणोत्तर पहिल्या पायरीला जे ठरते तेच शेवटपर्यंत टिकते. अज्ञात अनेक असले की अशा नशिबावर विसंबता येत नाही. तोक्योच्या सांख्यिकी संस्थेतले हिरोत्सुगु आकाइके यांनी १९५९ साली दाखवले की अनेक मितींतली वाटही हळूहळू एका प्रतलात अडकते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वक्रतेच्या दिशांचे ते प्रतल असते. मधल्या दिशांच्या चुका मागे पडतात आणि वाट या दोन टोकांच्या मध्ये ये-जा करत राहते, बहुधा सर्वांत वाईट वेगाच्या जवळपास.

प्रत्यक्ष कामात मोठा κ कुठून येतो? पुष्कळदा तो आपणच, नकळत, घालतो. एखाद्या ठिकाणच्या वार्षिक पावसाची २००१ ते २०११ अशी अकरा वर्षांची नोंद आहे असे समजा. तिच्यातून सरळ रेषा काढायची आहे: पाऊस = a + b × वर्ष. समजा, सरासरी पाऊस १००० मिलिमीटर आहे आणि सर्वोत्तम रेषेचा उतार वर्षाला −८ मिलिमीटर आहे. रेषेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी घेऊन तिच्या निम्मे केले की a आणि b चे वर्गीय फल मिळते. त्याचा A असा:

A = [[1, 2006], [2006, 4024046]]

यात पावसाचा एकही आकडा नाही. A फक्त वर्षांवरून ठरतो. दोन वक्रतांपैकी मोठी सुमारे ४० लाख, लहान सुमारे ०.०००००२५, म्हणजे κ सुमारे १.६ लाख कोटी. याचे कारण a च्या अर्थात दडले आहे. a म्हणजे इसवी सन शून्यातला पाऊस, आपल्या नोंदींपासून दोन हजार वर्षे मागे. उतार वर्षाला एक मिलिमीटरने कमी केला आणि a २००६ ने वाढवला, तर २००६ सालचा अंदाज तसाच राहतो आणि आसपासच्या वर्षांचा जेमतेम हलतो. हीच ती लांब, जवळजवळ सपाट दरी.

आता सुरुवात कुठून करावी? कोणीही सहज म्हणेल: सरासरीवर आडवी रेषा, a = १०००, b = ०. ग्रेडियंट (०, ८०) येतो. नेमकी पायरी १/४०२४०४६ आहे, आणि उतार होतो सुमारे −०.००००२. हवा होता −८. पुढचा ग्रेडियंट पहिल्याला काटकोनात, म्हणजे निव्वळ a च्या दिशेने, (−०.०४, ०) इतका. इथे नेमकी पायरी १ येते आणि a होतो १०००.०४. हवा होता १७,०४८. पुढची पायरी पुन्हा फक्त b हलवते, तिच्या पुढची फक्त a. दर जोडीला उरलेल्या चुकीचा चार लाखांवा हिस्सा कमी होतो. चूक निम्मी करायलाच साडेपाच लाखांहून जास्त पायऱ्या लागतात.

इथला धोका संथपणापेक्षा मोठा आहे. फलाची किंमत आधीच्या मानाने १/१,००,००० हून कमी बदलली की थांबावे, असा नियम प्रोग्रॅममध्ये असेल तर तो पहिल्या पायरीलाच पूर्ण होतो. प्रोग्रॅम समाधानाने थांबतो आणि सांगतो की पावसात काहीच घट नाही. म्हणून किंमत स्थिरावली यावर विश्वास न ठेवता पायऱ्यांची यादी छापून पाहावी. α दोन किमतींमध्ये आलटून पालटून येत असेल, इथे जसा सुमारे ०.००००००२५ आणि १ असा येतो, तर दरीत अडकलो हे ओळखावे. दुसरी खूण: लागोपाठचे ग्रेडियंट तर नेहमीच काटकोनात असतात, त्यातून काही कळत नाही. पण एक सोडून एक ग्रेडियंट जवळजवळ समांतर येत असतील तर आपण त्याच दोन दिशांनी परत परत चालतो आहोत.

या उदाहरणात इलाज अगदी स्वस्त आहे. वर्षांऐवजी (वर्ष − २००६) घ्या. −५ ते ५ अशा अकरा संख्या होतात, त्यांची सरासरी शून्य आणि वर्गांची सरासरी १०. A मधले कर्णाबाहेरचे आकडे नाहीसे होतात, कर्णावर १ आणि १० उरतात, κ = १०. त्याच आडव्या रेषेपासून निघालो तर ग्रेडियंट पुन्हा (०, ८०), पण पायरी १/१०, आणि b एका फटक्यात −८ होतो. गणित तेच, नोंदी त्याच, फक्त शून्य योग्य जागी ठेवले.

प्रत्येक समस्येत दरी अशी सरळ करता येत नाही. तिथे पायरीच्या नियमावरच पुन्हा विचार करावा लागतो. पुन्हा (९, १) कडे जाऊ. सूत्र म्हणते ०.२, आणि किंमत ४५ वरून २८.८ वर येते. त्याऐवजी १/९ ची पायरी घेतली तर आपण (८, ०) वर पोचतो आणि किंमत ३२ होते. या पायरीपुरता हा सौदा तोट्याचा आहे. पण आता आपण दरीच्या मधोमध आहोत आणि ग्रेडियंट (८, ०) सरळ केंद्राकडे जातो. पुढची पायरी १ ची घेतली की (०, ०). दोन पायऱ्यांत काम संपले. नेमकी पायरी प्रत्येक वेळी त्या क्षणापुरता सर्वांत मोठा फायदा घेते आणि त्यापायी आपल्याला समोरच्या काठावर नेऊन ठेवते, जिथून पुढची दिशा पुन्हा वाईट असते. माझ्या मते या पद्धतीतला खरा दोष इथे आहे. सूत्र अचूक आहे, पण ते एकाच पायरीपुरते पाहते.

अडचण अशी की १/९ आणि १ हे आकडे आपण वक्रता आधीच माहीत असल्यामुळे निवडले. वक्रता माहीत नसताना तेच कसे साधावे याचे उत्तर माग्नुस हेस्टेनेस आणि एदुआर्ट श्टीफेल यांनी १९५२ साली दिले. त्यांच्या कॉन्ज्युगेट ग्रेडियंट पद्धतीत पायरीचे सूत्र जवळजवळ तेच राहते, बदलते ती दिशा. नव्या उतारात आधीच्या दिशेचा ठरावीक हिस्सा मिसळायचा, आणि हा हिस्सा नव्या ग्रेडियंटच्या लांबीचा वर्ग भागिले जुन्याच्या लांबीचा वर्ग इतका घ्यायचा.

आपल्या उदाहरणात पहिली पायरी तीच राहते, (७.२, −०.८) पर्यंत. नवा उतार (−७.२, ७.२), जुनी दिशा (−९, −९), हिस्सा १०३.६८ भागिले १६२, म्हणजे ०.६४. मिसळल्यावर दिशा येते (−१२.९६, १.४४). हिच्यातले दोन्ही घटक (७.२, −०.८) च्या उलट चिन्हांचे आणि नेमक्या १.८ पटीचे आहेत, म्हणजे ही दिशा थेट केंद्रावर रोखलेली आहे. पायरी ५/९ येते आणि आपण (०, ०) वर असतो. एकही वक्रता कोणी सांगितली नव्हती. मागची दिशा लक्षात ठेवली, एवढेच.

अज्ञात n असतील आणि आकडेमोड अचूक असेल तर ही पद्धत n पायऱ्यांत संपते. संगणकावर पूर्णांकनामुळे दिशांचे हे नाते हळूहळू सैल होते आणि कधी जास्त पायऱ्या लागतात. मोठ्या समस्यांत n पर्यंत जाण्याची गरजही सहसा पडत नाही, कारण इथे हमी κ वर नाही तर κ च्या वर्गमुळावर चालते. κ = १०,००० आणि किंमत दहा लाखांश करायची असेल तर तीव्रतम उताराला साडेचौतीस हजार पायऱ्या लागू शकतात, कॉन्ज्युगेट ग्रेडियंटला जास्तीत जास्त सुमारे ३८०.